उद्याचे क्रेट किती?

कोल्हापुरात दुधाचा टेम्पो पहाटे येतो, पण त्यातून किती क्रेट उतरायचे हे आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. एजन्सीवाला मागणी कळवतो तेव्हा उद्याचं एकही गिऱ्हाईक दारात आलेलं नसतं. जास्त कळवलं तर पिशव्या उरतात, फ्रीजमध्ये जागा अडवतात आणि दुसऱ्या दिवशी ताज्या मालाच्या आधी त्या खपवाव्या लागतात. कमी कळवलं तर साडेआठलाच क्रेट रिकामे होतात आणि नेहमीची माणसं पुढच्या चौकात जातात. जिथं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लासात देतात, त्या गावातलं गिऱ्हाईक ‘संपलं’ हे उत्तर फार दिवस ऐकून घेत नाही.

१९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघापासून गल्लीच्या तोंडावरच्या टपरीपर्यंत हा प्रश्न सगळ्यांपुढे आहे, फक्त आकड्यांच्या मागची शून्यं बदलतात. आपण मधली पायरी घेऊ. समजा, मंगळवार पेठेत एक एजन्सी आहे आणि तिची रोजची विक्री ६० क्रेटच्या आसपास फिरते. पुढचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. ते कुठल्या एका दुकानाच्या वहीतले नाहीत.

बहुतेक जण पहिल्यांदा जे करतात ते वावगं नाही. गेल्या सात दिवसांची विक्री मिळवायची, सातानं भागायचं आणि येईल तो उद्याचा अंदाज धरायचा. उद्या रात्री ताजा दिवस आत घ्यायचा, आठवा दिवस बाहेर टाकायचा. यालाच सरकती सरासरी म्हणतात. आज चार क्रेट जास्त गेले म्हणून उद्या चार जास्त मागवण्याची घाई ती करू देत नाही, एवढा तिचा उपयोग नक्कीच आहे.

मात्र तिच्यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे कालचा दिवस आणि सहा दिवसांपूर्वीचा दिवस यांना ती एकच मान देते. प्रत्येकाचा वाटा सातातला एक, म्हणजे १४ टक्क्यांच्या किंचित वर. आणि आठव्या दिवशी तोच आकडा एकदम शून्य किमतीचा होतो. कालपर्यंत बरोबरीनं बसलेला माणूस आज पंक्तीतून उठवला जातो, मधली पायरीच नाही.

दुसरी पद्धत म्हणजे एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग. नावाला घाबरायचं कारण नाही, कारण सगळी पद्धत एका ओळीत मावते:

नवा अंदाज = जुना अंदाज + α × (आजची मागणी − जुना अंदाज)

आजसाठी आपण काय म्हटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, यातला फरक काढायचा आणि त्या चुकीचा काही भाग पदरात घ्यायचा. किती भाग घ्यायचा ते अल्फा ठरवतो. तो शून्य आणि एक यांच्या मधला आकडा असतो. अल्फा पाव धरला, आजचा अंदाज ६० होता आणि मागणी ६८ आली, तर चूक ८ क्रेटची. तिचा पाव भाग २, म्हणून उद्याचा अंदाज ६२. स्प्रेडशीटमध्ये `B` रकान्यात मागणी आणि `C` रकान्यात अंदाज असेल, तर `C3` या घरात एवढंच लिहायचं आणि खाली ओढायचं:

```
=C2+0.25*(B2-C2)
```

या ओळीत मागचे दिवस कुठे दिसत नाहीत, पण ते हरवलेले नसतात. जुन्या अंदाजाच्या पोटात सगळे आहेत. उलगडून पाहिलं तर ताज्या दिवसाचा वाटा २५ टक्के निघतो, त्याआधीच्या दिवसाचा २५ टक्क्यांचा पाऊण म्हणजे १८.७५, त्याआधीच्याचा १४ च्या जरा वर, आणि असाच दर दिवशी पाऊणपट होत जातो. शेवटच्या सात दिवसांना मिळून सुमारे ८७ टक्के वजन मिळतं. उरलेले १३ टक्के त्याहून जुन्या दिवसांत विखुरलेले असतात. कोणत्याच दिवसाला अचानक निरोप दिला जात नाही. तो रोज थोडा थोडा पुसट होतो.

ही पद्धत दुकानदारीत जन्मली नाही. रॉबर्ट ब्राऊन हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करणारे विश्लेषक. १९४४ मध्ये त्यांच्याकडे पाणबुड्यांचा माग काढण्याचं काम आलं. लक्ष्याचा वेग सतत नव्यानं आजमावत राहायचा आणि डेप्थ चार्ज कुठं टाकायचा ते ठरवायचं, तेही चकती आणि गोळ्यावर चालणाऱ्या यांत्रिक गणनयंत्रानं. जुनी निरीक्षणं साठवून ठेवायला त्या यंत्रात जागा कुठली? म्हणून मागचा अंदाज आणि ताजं निरीक्षण एवढ्यावरच भागवावं लागलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राऊन यांनी हेच तंत्र नौदलाच्या सुट्या भागांच्या मागणीकडे वळवलं. हजारो भागांपैकी प्रत्येकाचे मागचे कित्येक महिने जपण्यापेक्षा प्रत्येकी एकच आकडा जपणं फार स्वस्त पडत होतं. १९५९ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. साठवणुकीची ती काटकसर आज बिनमहत्त्वाची झाली आहे. मोबाइलमध्ये दहा वर्षांची वही मावते. तेव्हा या पद्धतीची बाजू आज घ्यायची तर दुसऱ्या कारणानं घ्यावी लागेल.

त्यासाठी दोन्ही पद्धती एका पातळीवर आणून तुलना केली पाहिजे. सात दिवसांच्या सरासरीसमोर अल्फा ०.९ ठेवला किंवा ०.०५ ठेवला, तर ती कुस्ती बरोबरीच्या जोडीची होत नाही. जोड लावायची रीत अशी की दोन्ही पद्धतींनी वापरलेल्या माहितीचं सरासरी वय सारखं असावं. सात दिवसांच्या सरासरीत ताजा दिवस शून्य वयाचा, सर्वांत जुना सहा दिवसांचा, म्हणून सरासरी वय तीन. स्मूदिंगमध्ये ते (१ − α) ÷ α इतकं येतं; अल्फा पाव असेल तर पाऊण भागिले पाव, म्हणजे तीनच. सर्वसाधारण सूत्र α = २ ÷ (N + १) असं आहे, आणि N म्हणजे सरासरीतले दिवस. सातासाठी पाव हा जोडीदार इथून आला.

आता परीक्षा घेऊ. पलीकडच्या गल्लीतली एक एजन्सी बंद पडली आणि तिथली गिऱ्हाइकं एका सकाळपासून आपल्याकडे येऊ लागली. कुणी येऊन “मामा, उद्यापासून आमचं दूध तुमच्याकडे” असं सांगत नाही. सांगितलं असतं तर सूत्राची गरजच नव्हती, सरळ वाढवून मागवलं असतं. मागणी ६० वरून ७२ झाली आणि तिथंच राहिली.

पहिल्या दिवशी दोन्ही पद्धती ६० म्हणतात आणि दोघीही १२ नं चुकतात. त्या रात्री स्मूदिंग ६३ वर येतं, सरासरी मात्र ६१.७ वर. दुसऱ्या रात्री ६५.३ आणि ६३.४. तिसऱ्या रात्री ६६.९ आणि ६५.१. पाचव्या रात्रीपर्यंत स्मूदिंग पुढे असतं. सहाव्या रात्री सरासरी त्याला गाठून किंचित पुढे जाते, सातव्या रात्री बरोबर ७२ वर पोचते आणि थांबते. स्मूदिंग तेव्हा ७०.४ वर असतं आणि पुढं सरपटत राहतं. पूर्ण ७२ कधी होत नाही, पण दहा-बारा दिवसांत फरक अर्ध्या क्रेटच्या आसपास येतो.

मग जिंकलं कोण? चुकांची बेरीज करून पाहा. सरासरीची तूट १२, मग त्याच्या सातातले सहा भाग, पाच भाग, अशी उतरत शेवटी शून्य होते. एकूण ४८ क्रेट. स्मूदिंगची तूट १२, ९, ६.७५ अशी पाऊणपट होत जाते. तिची एकूण बेरीजसुद्धा ४८. हा योगायोग नाही, माहितीचं सरासरी वय सारखं धरल्याचा तो परिणाम आहे. ‘स्मूदिंग बदल लवकर पकडतं’ असं सरसकट विधान अनेक ठिकाणी केलेलं असतं. ते जोड न लावता केलेलं विधान आहे. जोड लावल्यावर खरं एवढंच उरतं की पहिल्या काही दिवसांत ते जास्त लवकर हलतं आणि त्याची किंमत पुढं लांबलेल्या शेपटीत मोजतं. नाशिवंत मालाच्या धंद्यात हा सौदा बहुधा परवडतो, कारण पहिल्या तीन-चार दिवसांत नवं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर पाचव्या दिवशी ते येतच नाही.

पण या हिशेबात मी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली होती. मागणी ७२ आहे हे वहीला कळलं कसं? आपण ६० मागवले, ६० आले, ६० विकले. वहीत विक्री ६०. अंदाज ६०, विक्री ६०, चूक शून्य. स्मूदिंग म्हणणार, सगळं उत्तम चाललं आहे, उद्याही ६० मागवा. सरासरीही तेच म्हणणार. दारातून रोज बारा क्रेटचं गिऱ्हाईक परत जातं आहे आणि दोन्ही सूत्रं वर्षभर ६० वर बसून राहतील. याहून वाईट म्हणजे अशा वहीत आकडा खाली जाऊ शकतो, वर जाऊ शकत नाही. पावसाच्या एखाद्या दिवशी ५० गेले की अंदाज उतरतो, पुढचा माल कमी येतो, विक्रीला त्याचीच कमाल मर्यादा पडते आणि अंदाजाला परत वर चढायला वाटच उरत नाही. फारसं कारण नसताना धंदा आटत गेला असं वाटतं, तेव्हा कधी कधी कारण वहीतच असतं.

म्हणून सूत्रात घालायची ती मागणी, विक्री नव्हे. त्यासाठी एकच जादा नोंद पुरते: माल संपला असेल तर किती वाजता संपला. माल पुरेसा होता त्या दिवसांवरून साडेआठपर्यंत एकूण विक्रीचे सहातले पाच भाग होतात असं दिसत असेल, आणि आज ६० क्रेट साडेआठलाच संपले असतील, तर ६० ला पाचानं भागून सहानं गुणायचं. मागणी ७२ निघते. हा आकडा अंदाजे आहे. उशिरा येणारे लोक आणि लवकर येणारे लोक सारखे वागत नाहीत. तरी ढोबळ ७२ हा आकडा काटेकोर ६० पेक्षा खऱ्याच्या जवळ आहे. दोन पद्धतींतली निवड यापुढे फिकी पडते. वही चुकीची असेल तर कुठलंही सूत्र ती चूकच गुळगुळीत करून देणार.

आता एका दिवसाचा फुगवटा पाहू. कोजागिरीला मसाला दुधासाठी गल्लोगल्ली कढया चढतात. समजा, त्या दिवशी मागणी ६० वरून १०२ झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ६०. सात दिवसांच्या सरासरीत ते जादा ४२ क्रेट सातांत वाटले जातात. पुढचे सात दिवस ती ६६ म्हणत राहते. आठव्या दिवशी एकदम ६०. त्या आठव्या दिवशी बाजारात काही घडलेलं नसतं; फक्त कोजागिरी खिडकीतून बाहेर पडलेली असते. सरकत्या सरासरीचा हा दोष अनेकांच्या ध्यानात येत नाही. तिचा आकडा हलला तर त्याला दोन कारणं असू शकतात, नवं काय आलं आणि जुनं काय गेलं, आणि नुसता आकडा पाहून कुठलं कारण खरं ते सांगता येत नाही. आलेख काढून बसलेला माणूस आठव्या दिवसाच्या घसरणीचं कारण आठव्या दिवशी शोधत बसतो.

स्मूदिंग त्याच प्रसंगात दुसऱ्या दिवशी ७०.५ म्हणतं, मग ६७.९, ६५.९, ६४.४ असं उतरत जातं. प्रतिध्वनी नाही, पण पहिल्या दोन दिवशी उरणारा माल सरासरीपेक्षा जास्त. आणि एकूण जादा मागवलेले क्रेट? पुन्हा दोन्हीकडे ४२. कोजागिरीची विक्री जशीच्या तशी आत घातली तर कुठलीच पद्धत वाचवत नाही. तो दिवस हिशेबातून वेगळा काढायचा, त्या जागी नेहमीचा अंदाजच भरायचा आणि जादा विक्रीची नोंद निराळ्या पानावर ठेवायची. ते पान तिथीनुसार ठेवावं, तारखेनुसार नाही. कोजागिरी, नवरात्रातली अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, जोतिबाची चैत्री यात्रा, यातलं काहीच इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेला काय गेलं होतं, हा प्रश्न इथं निरुपयोगी आहे.

इथवर स्मूदिंगचं पारडं थोडं जड वाटत असेल. पण एका ठिकाणी साधी सरासरी त्याला स्वच्छ हरवते, आणि ते ठिकाण म्हणजे रविवार.

सोमवार ते शनिवार ६० आणि रविवारी ८१ असा ठरलेला आठवडा घ्या. सात दिवसांच्या कुठल्याही खिडकीत नेमका एक रविवार येतो. म्हणून सरासरी रोज ६३ सांगते, अविचलपणे. स्मूदिंग काय करतं? रविवारचे ८१ पाहून ते उसळतं आणि सोमवारसाठी ६६ सांगतं. मग आठवडाभर उतरत जातं आणि पुढच्या रविवारसाठी ६१ सांगतं. सगळ्यात मोठा अंदाज सोमवारी, सगळ्यात छोटा रविवारी, म्हणजे गरजेच्या नेमका उलट. अल्फा वाढवला तर हा घोळ आणखी वाढतो. स्प्रेडशीटमध्ये हौसेनं स्मूदिंग चालू केलेली माणसं आठवडाभरात ते सोडून देतात ती बहुधा याच ठिकाणी, आणि दोष मात्र पद्धतीला देतात.

उपाय जुना आणि सोपा आहे. प्रत्येक वाराचा एक गुणक काढायचा. आठ-दहा आठवड्यांच्या वहीवरून त्या वाराची सरासरी मागणी आणि सगळ्या दिवसांची सरासरी मागणी काढून पहिलीला दुसरीनं भागायचं. आपल्या उदाहरणात रविवारचा गुणक ८१ ÷ ६३, म्हणजे १.२९, बाकी वारांचा ६० ÷ ६३, म्हणजे ०.९५. मागणी आली की आधी तिला त्या वाराच्या गुणकानं भागायचं, मग स्मूदिंगमध्ये घालायचं, आणि मिळालेल्या अंदाजाला उद्याच्या वाराच्या गुणकानं गुणायचं.

एका रविवारी ९० क्रेट गेले असं धरू. १.२९ नं भागून ७० येतात. वार काढून टाकल्यावरचा आपला अंदाज ६३ होता, म्हणजे चूक ७ ची. तिचा पाव भाग १.७५, म्हणून नवी पातळी ६४.७५. सोमवारसाठी ०.९५ नं गुणून साधारण ६१.५. गुणक न वापरता तोच रविवार थेट आत घातला असता तर सोमवारचा अंदाज ६८ च्या वर गेला असता. सात क्रेटचा हा फरक नुसत्या एका भागाकारानं आणि एका गुणाकारानं वाचला. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये चढ आणि ऋतू दोन्ही सांभाळणारी पद्धत मांडली, १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी ती प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्यांवर तपासली. त्यात हे गुणकसुद्धा रोज थोडे थोडे सुधारत राहतात. एका एजन्सीला इतकं करायची गरज नाही. तीन-चार महिन्यांनी गुणक नव्यानं काढले तरी भागतं.

चढाबद्दल मात्र एक सांगायला हवं. उन्हाळ्यात ताक-लस्सीसाठी मागणी रोज एक क्रेटनं वाढत गेली, तर जोडीतल्या दोन्ही पद्धती कायम चार क्रेट मागे राहतात. हा मागेपणा दिवस गेल्यानं मिटत नाही. वाढ चालू आहे तोवर तो तसाच राहतो. होल्ट यांच्या पद्धतीत रोजच्या वाढीचाही वेगळा अंदाज ठेवून तो मिळवला जातो. आणखी सोपं म्हणजे तेवढ्या दिवसांपुरते चार क्रेट हातानं वाढवणं.

अल्फा किती ठेवावा, याचं उत्तर पुस्तकात नाही, वहीत आहे. मागच्या तीन महिन्यांची, वार काढलेली मागणी घ्यायची. ०.१, ०.२, ०.३ असे अल्फा घेऊन पहिल्या दिवसापासून पुढं चालत जायचं. प्रत्येक दिवसाचा अंदाज त्याच्या आधीच्याच आकड्यांवरून काढायचा आणि चूक नोंदवायची. चुकांचं अधिक-उणे चिन्ह काढून त्यांची सरासरी घ्यायची, नाहीतर दहाची तूट आणि दहाची वाढ एकमेकांना खाऊन टाकतात आणि अंदाज अचूक असल्याचा भास होतो. पहिले दोन आठवडे या सरासरीत धरू नयेत, कारण तेव्हा सुरुवातीच्या अंदाजाचाच प्रभाव असतो. दुकानाच्या मागणीला बहुतेक वेळा ०.१ ते ०.३ मधला अल्फा मानवतो. ०.८ किंवा ०.९ उत्तम ठरला, तर खुश होऊ नये. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की आकड्यांत चढ किंवा वार शिल्लक राहिला आहे आणि सूत्र धापा टाकत त्याच्या मागे धावतं आहे.

हीच चिन्ह काढलेली सरासरी चूक आणखी दोन कामांना येते. एक म्हणजे मागणी कळवताना. अंदाज ६० आहे म्हणून ६० च मागवले, तर साधारण निम्म्या दिवशी माल कमी पडणार. सरासरी चूक ३ असेल तर त्याच्या प्रमाणात वर काही ठेवावं लागतं. किती, ते उरलेला क्रेट जास्त महाग पडतो की परत गेलेलं गिऱ्हाईक, यावर अवलंबून.

दुसरं काम पहारेकऱ्याचं. रोजच्या चुका चिन्हांसकट मिळवत जायच्या आणि त्या बेरजेला सरासरी चुकीनं भागायचं. चुका कधी वर कधी खाली असतील तर ही बेरीज शून्याभोवती घोटाळते. एकाच बाजूला साचू लागली आणि भागाकार चारच्या पलीकडे गेला, तर काहीतरी बदललं आहे. आपल्या ७२ च्या उदाहरणात सरासरी चूक ३ पासून सुरू केली आणि तीही अल्फा ०.१ नं स्मूद करत गेलो, तर हा भागाकार पहिल्या दिवशी ३.१, दुसऱ्या दिवशी ४.८ आणि तिसऱ्या दिवशी ६ होतो. म्हणजे दुसऱ्याच रात्री घंटा वाजते आणि वाजत राहते. कोजागिरी चुकून आत गेली तर तो पहिल्या दिवशीच ६ च्या वर उडतो, पण नंतर ४.३, मग ३.२ असा उतरतो. चढत राहिला तर पातळी बदलली, उतरला तर एका दिवसाचा फुगवटा. पहिल्या प्रसंगी अंदाज हातानं ७२ करायचा आणि बेरीज शून्यावर आणायची. ४८ क्रेटची तूट शेवटपर्यंत सोसत बसण्याची सक्ती कुणी केलेली नाही.

महापूर आला की ही सगळी यंत्रणा बंद ठेवायची असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, वाहतूक तुटली. अशा वेळी टेम्पोच येत नाही. पाच दिवसांची विक्री शून्य म्हणून सूत्रात घातली तर अल्फा पाव असताना ६० चा अंदाज १४ वर येतो. सात दिवसांची सरासरी १७ वर. दोन्ही आकडे निरर्थक आहेत, कारण लोकांना दूध नको होतं असं झालेलं नाही. त्या दिवसांच्या मागणीच्या रकान्यात शून्य न लिहिता जागा कोरी सोडायची, आणि वरचं सूत्र कोरी जागाही शून्यच धरतं म्हणून अंदाजाच्या रकान्यात सूत्राऐवजी पुराआधीचा आकडा हातानं लिहून तो गोठवायचा.

पाणी चढताना मात्र सूत्रापेक्षा माणसाला जास्त कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर आलं की नदीकाठची घरं हलू लागतात, उरलेला गाव दूध साठवायला निघतो. ही माहिती गेल्या सात दिवसांच्या विक्रीत कुठंच नसते, त्यामुळे तिथून काढलेल्या कुठल्याच सरासरीतही नसते. त्या दिवशीचा आकडा बंधाऱ्याकडे बघूनच ठरतो.

पाणी ओसरून रस्ता सुरू झाल्यावर गोठवलेल्या ६० वरून सुरुवात करायची, पण त्यावर फार विश्वास टाकायचा नाही. काही कुटुंबं अजून नातेवाइकांकडे असतात, काही हॉटेलं चिखल काढत असतात. म्हणून पहिला आठवडा अल्फा पाव न ठेवता अर्धा ठेवायचा. पहिल्या दिवशी ४४ गेले तर अंदाज लगेच ५२ वर येतो, दुसऱ्या दिवशी ४६ गेले तर ४९ वर. या दिवसांत अंदाज डोलणार, ते चालवून घ्यायचं. नव्या पातळीच्या आसपास चुका पुन्हा दोन्ही बाजूंना पडू लागल्या की अल्फा परत पाववर आणायचा आणि वाराचे गुणक, जे या काळात बाजूला ठेवले होते, पहिला नेहमीसारखा रविवार दिसल्यावर पुन्हा लावायचे.